टीव्ही आणि साउंडबारवर कराओके: माइक नेमका कुठे जोडायचा, आणि आपलाच आवाज मागे का पडतो?

रेवा
घरी ५५ इंची अँड्रॉइड टीव्ही आहे. त्याला एचडीएमआय एआरसीने साउंडबार जोडलाय, सोबत वायरलेस सबवूफर. दोन कॉर्डलेस माइकचा एक संच घेतला आहे. त्याच्या रिसीव्हरला मागे एकच जाड, म्हणजे ६.३५ मिमीचं आउटपुट आहे. ट्रॅक यूट्यूबवरून टीव्हीवर लावतो.

रिसीव्हर साउंडबारच्या `AUX` ला लावला तर माइक चालतो, पण गाणं बंद होतं. टीव्हीच्या `AV` इनपुटला लावला तर त्या इनपुटवर जावं लागतं आणि यूट्यूब सुटतं. शेवटी रिसीव्हर लॅपटॉपच्या माइक जॅकला लावला, विंडोजमध्ये `Listen to this device` वर टिक केली, ट्रॅकही लॅपटॉपवरच लावला आणि लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडला. आता दोन्ही एकत्र वाजतं, पण म्हटलेला शब्द मागून परत ऐकू येतो आणि दुसऱ्या ओळीपर्यंत लय सुटते. माइकवरचं इको पूर्ण बंद आहे, तरीही हेच. नवं काही घ्यायचं झालं तर काय घ्यावं? साउंडबार बदलायची इच्छा नाही.

समीर_डोंबिवली
टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये `AV Sync` किंवा `Audio Delay` असतं, ते शून्यावर आणा. साउंडबारच्या रिमोटवरही तसंच बटण असेल तर तेही शून्य करा. आणि टीव्ही व साउंडबार दोन्हींना ईएआरसी असेल तर ते चालू करा. ईएआरसीमध्ये लिपसिंक आपोआप जुळतं, त्यामुळे उशीर जाईल.

तंबोरा
समीर, शून्यावर आणायचा सल्ला बरोबर आहे, पुढचा नाही. ती सेटिंग आवाज फक्त *आणखी मागे* ढकलू शकते. मुळात जो उशीर आहे तो कमी करणं तिच्या हातात नाही. ईएआरसीचंही तसंच. ते चित्र आणि आवाज एकमेकांशी जुळवतं. तुमच्या तोंडातला आवाज आणि स्पीकरमधला आवाज जुळवणं हे त्याचं काम नाही.

रेवा, तुमच्या जोडणीत माइकचा आवाज आधी लॅपटॉपमध्ये जातो. विंडोज तो थोडा साठवून मग पुढे देतं. नंतर टीव्ही चित्राशी जुळवायला तो थांबवतो, आणि शेवटी साउंडबारचं प्रोसेसिंग आहेच. प्रत्येक जण आपापली भर घालतो. गाण्यालाही उशीर होतो, पण तो कुणाला कळत नाही, कारण गाणं कधी सुरू व्हायला हवं होतं हे आपल्याला माहीतच नसतं. आपण ऐकू येणाऱ्या ठेक्यावर गातो. स्वतःचा आवाज मात्र तोंडातून आत्ताच निघालेला असतो, म्हणून तिथला उशीर लगेच जाणवतो.

म्हणून एकच नियम धरा: गाणं कितीही वळसा घालून आलं तरी चालेल, माइकने मात्र सर्वांत जवळच्या वाटेने स्पीकरकडे गेलं पाहिजे. माइक टीव्हीत, लॅपटॉपमध्ये किंवा ब्लूटूथमध्ये शिरताच कामा नये. टीव्हीतून *बाहेर पडलेलं* गाणं आणि माइक एका छोट्या मिक्सरमध्ये एकत्र करायचे आणि तिथून थेट स्पीकरला न्यायचे.

साउंडबारवर गाणं बंद होण्याचं कारणही यातच आहे. बहुतेक साउंडबार एका वेळी एकच इनपुट वाजवतात. `AUX` निवडलं की एआरसी गप्प. दोन आवाज एकत्र करणं त्यांना जमत नाही, म्हणून ते काम त्यांच्या आधी उरकावं लागतं.

कोजागिरी_ब_विंग
आमच्याकडे वेगळाच त्रास आहे. सोसायटीच्या कार्यक्रमासाठी स्पीकरवाला ब्लूटूथ माइक आणलाय, तोच, ज्याच्या खाली गोल स्पीकर असतो. तो टीव्हीला ब्लूटूथने जोडला की आवाज छान आणि इकोही नाही, पण पडद्यावरचे शब्द गाण्याच्या पुढे पळतात. गाणारा शब्द बघून उचलतो आणि चुकतो. टीव्ही बदलावा का?

तंबोरा
टीव्ही बदलू नका. तुमच्या माइकमध्ये आवाज आतल्या आतच त्याच्या स्पीकरला जातो, म्हणून तो मागे पडत नाही. मागे पडतंय ते गाणं, कारण ते ब्लूटूथवरून येतं. साध्या ब्लूटूथला १५० ते २५० मिलिसेकंद सहज लागतात. काही टीव्ही आणि ॲप चित्र तेवढंच थांबवून घेतात, काही घेत नाहीत. माइकच्या बुडाशी `AUX IN` असं छोटं भोक आहे का पाहा. असेल तर टीव्हीच्या हेडफोन जॅकमधून ३.५ ची वायर तिथे लावा. शब्द आणि गाणं जुळेल. मात्र काही माइकवर `AUX` हे फक्त बाहेर देण्यासाठी असतं, तेव्हा त्यावर नेमकं काय छापलंय ते वाचून घ्या.

आणि कार्यक्रम पार्किंगमध्ये असेल तर तेवढासा स्पीकर पुरणार नाही. भाड्याने मिळणारा ट्रॉली स्पीकर घ्या. त्याला माइकची वेगळी इनपुटं असतात आणि तो माइक व `AUX` एकत्र वाजवतो. टीव्हीचा हेडफोन जॅक त्याच्या `AUX` ला, माइक त्याच्या माइक इनपुटला. मिक्सर लागत नाही.

वायरवाला_तपकीर_गल्ली
रेवाताई, तुमच्यासाठी सामान सांगतो. चार चॅनलचा छोटा ॲनालॉग मिक्सर घ्या. निदान दोन माइक इनपुटं आणि एक स्टिरिओ लाइन इनपुट असलं म्हणजे झालं. ब्लूटूथ, यूएसबी, सोळा इफेक्ट हे सगळं नसलं तरी चालेल.

वायरी दोन.
१. टीव्ही ते मिक्सर: एका टोकाला ३.५ स्टिरिओ, दुसऱ्या टोकाला दोन ६.३५ मोनो.
२. मिक्सर ते साउंडबार: तीच वायर, उलटी लावायची. दोन जाड पिना मिक्सरच्या `MAIN OUT L/R` ला आणि बारीक पिन साउंडबारच्या `AUX` ला.

दुकानात ६.३५ च्या पिनेला पी-३८ म्हणतात, तसंच मागा. रिसीव्हरसाठी साधी पी-३८ ते पी-३८ मोनो वायर बहुधा संचाबरोबर आलेली असते.

माइक थेट `AUX` ला लावल्यावर आवाज बारीक आला असेल, त्याचं कारणही सांगतो. माइकमधून निघणारा सिग्नल काही मिलिव्होल्टचा असतो आणि `AUX` ला त्याच्या शेकडो पट मोठा लागतो. मधे तो वाढवून देणारं काहीतरी हवंच. मिक्सरच्या माइक चॅनलवरचा `GAIN` हेच काम करतो.

लेव्हल लावायची पद्धत: माइक तोंडापाशी धरून गाण्यातली सर्वांत जोराची ओळ म्हणा आणि `GAIN` हळूहळू वाढवा. `PEAK` चा लाल दिवा लुकलुकला की थोडा मागे घ्या. `MAIN` मात्र निम्म्यावरच ठेवा. मिक्सरचं आउटपुट साउंडबारच्या `AUX` ला जड जातं आणि आवाज फाटतो. पुढे आवाज वाढवायचा तो साउंडबारच्या रिमोटने.

रेवा
खूप आभार. दोन अडचणी आहेत. टीव्हीला हेडफोन जॅकच नाही, मागे फक्त ऑप्टिकल आहे. दुसरं म्हणजे साउंडबार `AUX` वर नेला तरी थोड्या वेळाने तो आपोआप एआरसीवर परत येतो.

तंबोरा
दुसरी अडचण आधी सोडवू. एआरसीची केबल लागलेली असेपर्यंत टीव्ही साउंडबारला सीईसीने हाका मारत राहतो. सेटिंगमध्ये `Sound Output` हे `HDMI ARC` वरून `Optical` वर न्या. तरीही उडी मारत असेल तर गाण्याच्या वेळेपुरती एआरसीची केबल काढून ठेवा. टीव्हीचे स्वतःचे स्पीकरही बंद आहेत ना पाहा. काही टीव्ही ऑप्टिकल चालू असताना स्वतःही वाजतात, आणि दोन ठिकाणांहून थोड्या फरकाने आलेला आवाज इकोसारखाच भासतो.

ऑप्टिकलसाठी एक छोटा डॅक लागेल. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी डबी असते, ऑप्टिकल आत आणि लाल-पांढरं आरसीए बाहेर. मग वायरवाल्यांनी सांगितलेल्या पहिल्या वायरीऐवजी आरसीए ते दोन पी-३८ घ्या. डबीला ५ व्होल्ट लागतात, ते मोबाइलच्या चार्जरमधून द्या. टीव्हीच्या यूएसबीतून दिले तर कधी कधी बारीक किरकिर ऐकू येते.

आता सर्वांत महत्त्वाचं. टीव्हीत `Digital Audio Out` किंवा `Digital Output Format` शोधा आणि ते `Auto` वरून `PCM` करा. या साध्या डब्यांना डॉल्बी उलगडता येत नाही. `PCM` केलं नाही तर काही व्हिडिओंना आवाज येईल आणि काहींना अजिबात येणार नाही किंवा नुसती खरखर येईल, आणि तुम्हाला वाटेल डबीच खराब आहे.

डॅकमुळे होणारा उशीर फक्त गाण्याला आहे, माइकला नाही. त्याची चिंता नको.

शर्वरी_न्यू_जर्सी
मी वेगळं विचारते. माझ्याकडे पॉडकास्टसाठीचा यूएसबी कंडेन्सर माइक आहे. तो टीव्हीच्या यूएसबीला लावला तर टीव्ही ओळखतच नाही. एखादं ॲप टाकावं का? आणि माझ्या गाण्यात इको हवाच आहे, तो कसा वाढवायचा?

वायरवाला_तपकीर_गल्ली
टीव्हीचं यूएसबी मुख्यतः पेनड्राइव्ह आणि कीबोर्डसाठी असतं. माइक ओळखला गेलाच, तरी आवाज टीव्हीतून फिरूनच येणार, म्हणजे मूळ दुखणं तिथेच. शिवाय कंडेन्सर माइक खोलीतला सगळा आवाज गोळा करतो, स्पीकर समोर असताना तो लवकर शिट्टी मारतो. कराओकेला साधा डायनॅमिक हँडमाइकच बरा.

इको हवा असेल तर तो मिक्सरच्या `FX` ने द्या. पण आधी सगळा इको शून्य करून मागे पडणारा आवाज घालवा, मग चवीपुरता इको. दोन्ही एकदम चालू असतील तर दोष कशाचा ते कधीच कळत नाही.

निखिल_मापन
दोष कशाचा हे कानावर सोडू नका, मोजता येतं. मोबाइल आणि ऑडॅसिटी एवढं पुरे.

गाणं बंद, इको बंद. माइक आणि मोबाइल टेबलावर शेजारी शेजारी ठेवा, मोबाइलवर रेकॉर्डिंग सुरू करा आणि पेनच्या टोकाने माइकच्या जाळीवर हलकेच टक् करा. मोबाइलला एकदा टक् थेट ऐकू येईल आणि दुसऱ्यांदा साउंडबारमधून. असे चार-पाच टक् घ्या. फाइल ऑडॅसिटीत उघडून झूम करा, दोन सुळके दिसतील. पहिल्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्याच्या सुरुवातीपर्यंत निवडा. निवडीची लांबी खाली दिसते, तोच तुमचा उशीर.

त्यातून हवेतला वेळ वजा करा, दर मीटरला साधारण ३ मिलिसेकंद. उरतो तो यंत्रांचा.

ढोबळ अंदाज असा: एकूण १०-१५ ला काही जाणवत नाही. २०-३० ला गाणाऱ्याला काहीतरी जड वाटायला लागतं. ५० च्या पुढे शब्द दोनदा ऐकू येतो आणि १०० च्या पुढे लय टिकत नाही.

रेवा
मिक्सर, डॅक आणि वायरी आणल्या. आधी जुनी लॅपटॉपची जोडणी मोजली: २४० मिलिसेकंद. मग मिक्सरमधून `AUX` ला, साउंडबार `Surround` वर: ७४. तोच `Standard` वर: ३१. टेबलापासून साउंडबार २ मीटरवर आहे.

शब्द दोनदा ऐकू येणं थांबलं. पण द्रुत गाण्यात अजूनही किंचित मागे वाटतं.

निखिल_मापन
`Surround` आणि `Standard` मधला ४३ चा फरक हा निव्वळ प्रोसेसिंगचा आहे. आवाज पसरवायला, संवाद उठावदार करायला साउंडबारला तो आधी थोडा साठवून घ्यावा लागतो. `Night`, `Voice`, `Adaptive` अशा नावाचं जे असेल ते बंदच ठेवा. `Game` मोड असेल तर तोही मोजून पाहा, काही साउंडबारवर तो सर्वांत जलद निघतो आणि काहींवर उलट.

उरलेल्या ३१ मधले ६ हवेतले. बाकी २५ कुणाचे ते कळण्यासाठी एखादा वायरचा माइक मागून आणा आणि तोच प्रयोग करा.

रेवा
शेजारून वायरचा माइक आणला. १९ आले.

निखिल_मापन
मग हिशोब स्वच्छ आहे: हवा ६, साउंडबार १३, कॉर्डलेस १२. तुमचा संच २.४ गिगाहर्ट्झचा डिजिटल असणार. ते आवाजाचे आकडे करून पाठवतात आणि परत आवाज करतात, त्यात वेळ जातो. यूएचएफचे ॲनालॉग संच हे करत नाहीत, त्यांचा उशीर धरण्यासारखा नसतो. साउंडबार १३ वर असेल तर तो बदलायची गरज नाही. द्रुत गाणी वायरच्या माइकवर म्हणा, नाहीतर पुढे कधी माइक घ्याल तेव्हा ॲनालॉग यूएचएफ घ्या.

समीर_डोंबिवली
पण ३१ मध्ये काय बिघडतं? चित्रपट बघताना एवढा फरक कुणालाही कळत नाही.

तंबोरा
बघणाऱ्याला कळत नाहीच. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज कवटीच्या हाडातूनही ऐकू येतो, आणि तो काहीच उशीर न करता. स्पीकरचा आवाज त्याच्याशी ताडला जातो, म्हणून थोडा फरकही बोचतो. तरी माणसागणिक सहनशक्ती वेगळी. ३० वर निवांत गाणारेही आहेत. निखिलच्या अंदाजाला कायदा समजू नये असं माझं मत.

कोजागिरी_ब_विंग
ट्रॉली स्पीकर आला. गाणं आणि शब्द जुळले. पण टीव्हीची वायर लावली की सतत ‘हूं’ असा आवाज येतो, वायर काढली की थांबतो.

वायरवाला_तपकीर_गल्ली
टीव्हीला केबलची किंवा डिशची वायर लागलेली आहे का? ती काढून पाहा. ‘हूं’ थांबला तर कारण अर्थिंगचा वळसा. केबलची वायर एका वाटेने जमिनीला टेकते आणि स्पीकर तीन पिनी प्लगमधून दुसऱ्या वाटेने. यूट्यूबवरूनच गाणार असाल तर कार्यक्रमापुरती केबल काढूनच ठेवा. स्पीकरची अर्थची पिन मात्र कधीही तोडू किंवा काढू नका, माइक हातात असतो. कायमचा उपाय म्हणजे मधे ग्राउंड लूप आयसोलेटर, ३.५ चा मिळतो. ऑप्टिकलने जोडलं तर त्या जोडातून हा आवाज येतच नाही, कारण त्या वायरीतून वीज जात नाही, फक्त उजेड जातो.

रेवा
आता शेवटचा त्रास. टीव्हीकडे तोंड करून गायलं की ठीक, पण पाहुण्यांकडे वळलं की कुईंऽऽ करून शिट्टी वाजते. मिक्सरवर इको शून्यच आहे.

तंबोरा
हँडमाइक समोरून ऐकतो आणि पाठीमागून कमी ऐकतो. तुम्ही टीव्हीकडे तोंड करता तेव्हा माइकचं तोंड तुमच्याकडे आणि पाठ साउंडबारकडे. पाहुण्यांकडे वळलात की साउंडबार तुमच्या पाठीशी येतो आणि माइकचं तोंड थेट त्याच्याकडे. मग स्पीकरचा आवाज माइकमध्ये, माइकचा परत स्पीकरमध्ये, असं चक्र सुरू होतं.

त्यामुळे गाणाऱ्याने टीव्हीकडेच बघावं. पाहुणे गाणाऱ्याच्या मागे बसले तर त्यांनाही शब्द दिसतात. गाणाऱ्याकडे बघायचंच असेल तर त्याला टीव्हीच्या बाजूला, साउंडबारच्या टोकाच्या थोडं मागे उभं करा. माइकची जाळी मुठीत धरू नका, त्याने पाठीमागून कमी ऐकण्याचा गुणच जातो. माइक तोंडापासून दोन-तीन बोटांवर धरा आणि `GAIN` तेवढा कमी करा. फूटभर लांब धरून `GAIN` वाढवला की शिट्टी ठरलेली.

दिवाणखान्यात नुसती फरशी आणि उघड्या भिंती असतील तर पडदे ओढा, खाली सतरंजी टाका. न वापरलेला दुसरा माइक सोफ्यावर चालू ठेवू नका, तोही ऐकतच असतो.

शर्वरी_न्यू_जर्सी
सबवूफर वायरलेस आहे, त्याचा उशीर वेगळा धरायचा का? आमच्याकडेही तसाच आहे.

निखिल_मापन
साउंडबार बनवणारे बार आणि सबवूफर एकमेकांशी जुळवून देतात, म्हणजे बारलाच थोडं थांबवतात असं मी धरून चालतो. तसं असेल तर सबवूफरचा प्लग काढून काही फरक पडणार नाही.

वायरवाला_तपकीर_गल्ली
सगळेच तसं करतात असं मला वाटत नाही. काहींवर सबवूफरचा धमाका मागून येतो हे ऐकू येतं. प्लग काढून पेनचा टक् पुन्हा मोजा, तुमच्या मॉडेलपुरतं उत्तर मिळेल. काहीही निघालं तरी माइक चॅनलवरचं `LOW CUT` दाबून ठेवा. साधारण ८० हर्ट्झच्या खालचं त्याने कापलं जातं. पुरुषाचा आवाजही बहुतेक त्याच्या वरच असतो, त्यामुळे गाण्याचं काही जात नाही. माइक हातात फिरवल्याचा धडधडाट आणि ‘प’, ‘भ’ चे फुंकर मात्र सबवूफरपर्यंत पोचत नाहीत.

रेवा
`LOW CUT` दाबलं, फुंकर गेले. सबवूफरचा प्लग काढून मोजलं: १९ चे १९ च. पण पेनच्या टक् मध्ये खालचा सूर फारसा नसतो, मग सबवूफर मागे असला तरी यातून दिसेल का?

निखिल_मापन
नाही दिसणार. यातून एवढंच कळतं की सबवूफर नसला तरी बार तेवढाच थांबतो. सबवूफरसाठी मिक्सरच्या लाइन इनपुटला मोबाइलवरून ढोलाचा एकच ठोका द्यावा लागेल, आणि तो बारजवळ एकदा व सबवूफरजवळ एकदा असा रेकॉर्ड करावा लागेल. त्यासाठी दोन्हीकडे एकाच वेळी दोन मोबाइल ठेवले तर ते एकमेकांशी कसे जुळवायचे, हे आधी ठरवायला हवं. कुणाकडे सोपी पद्धत असेल तर लिहा.